सामायिक पीडीएफवरील टिपणे

सामायिक पीडीएफवरील टिपणे म्हणजे एकाच पीडीएफ दस्तऐवजावर अनेक परीक्षकांनी शेरे, खुणा व दुरुस्त्यांच्या सूचना नोंदवण्याची पद्धत होय. या पद्धतीत दस्तऐवजाचा मूळ मजकूर बदलत नाही. प्रत्येक सूचना मजकुराच्या वर असलेल्या स्वतंत्र नोंदीच्या रूपात राहते आणि तिच्यासोबत ती करणाऱ्याचे नाव व वेळ नोंदली जाते. प्रबंध, पुस्तकांची मुद्रिते, अहवाल, नकाशे आणि कायदेशीर मसुदे यांच्या परीक्षणासाठी ही पद्धत वापरली जाते. प्रत्येक परीक्षकाने आपली वेगळी प्रत तयार करून पाठवण्याची गरज उरू नये, हा तिचा मुख्य हेतू आहे.

## पार्श्वभूमी

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. कोणत्याही संगणकावर पान जसेच्या तसे दिसावे हा त्यामागचा उद्देश असल्याने त्यातील मजकूर सहज बदलता येत नाही. त्यामुळे अशा दस्तऐवजाचे परीक्षण करताना पानाला धक्का न लावता त्यावर लिहिण्याची सोय आवश्यक ठरली. सुरुवातीच्या आवृत्तीत केवळ साधे टिपण व दुवा एवढेच प्रकार होते. हायलाइट, अधोरेखन, खोडरेघ, शिक्का व हातरेघ हे प्रकार पीडीएफ १.३ या आवृत्तीत आले. एका शेऱ्याला दुसऱ्या शेऱ्याने उत्तर देण्याची रचना पीडीएफ १.५ मध्ये आली. २००८ मध्ये पीडीएफ हे आयएसओ ३२००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. टिपणांची रचना या मानकाचाच भाग असल्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला शेरा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येतो.

अक्रोबॅट ८ मध्ये अडोबीने सामायिक परीक्षणाची सोय आणली. त्यात प्रत्येक परीक्षकाकडे पीडीएफची आपली प्रत असे, परंतु शेरे मात्र जाळ्यावरील एका सामायिक फोल्डरमध्ये साठवले जात व तेथून सर्वांच्या प्रतींत आणले जात. तरीही दीर्घकाळ एक अडचण राहिली. मोफत मिळणाऱ्या रीडरमध्ये शेरे लिहिण्यासाठी लेखकाला आधी त्या फाइलला विशेष परवानगी जोडून द्यावी लागे. २०१२ मधील रीडर ११ या आवृत्तीत शेरे लिहिण्याची साधने सर्वांना खुली झाली. आज अनेक मोफत वाचक सॉफ्टवेअरमध्ये आणि न्याहाळकांमध्येही किमान काही प्रकारची टिपणे करता येतात.

## टिपणाची रचना

पीडीएफमधील प्रत्येक पानाला `Annots` नावाची एक यादी जोडलेली असू शकते. पानाचा मजकूर वेगळा साठवलेला असतो आणि टिपणे या यादीत असतात. म्हणूनच यादीतील सर्व नोंदी काढून टाकल्या तरी पान पूर्ववत राहते. प्रत्येक टिपणात त्याचा प्रकार, पानावरील जागा, शेऱ्याचा मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, शेवटच्या बदलाची वेळ आणि त्या पानावरील इतर टिपणांपासून त्याला वेगळे ओळखता यावे म्हणून दिलेली खूण अशी माहिती असते.

यांतील जागेची नोंद विशेष महत्त्वाची आहे. टिपण शब्दाला बांधलेले नसते. ते पानाचा क्रमांक आणि पानावरील आडव्या-उभ्या अंतरांना बांधलेले असते. ही अंतरे सामान्यतः इंचाच्या ७२ व्या भागात मोजली जातात. एखाद्या शब्दावर हायलाइट केल्यावर सॉफ्टवेअर त्या शब्दाभोवतीच्या चौकोनाचे चार कोपरे नोंदवते. पुढे त्या जागी दुसरा शब्द आला तरी हायलाइट तेथेच राहतो. या पद्धतीतील काही महत्त्वाच्या चुकांचे मूळ या वैशिष्ट्यात आहे.

दुसऱ्या कोणाच्या शेऱ्याला उत्तर देणारे टिपण मूळ शेऱ्याचा संदर्भ स्वतःमध्ये ठेवते. शेरा ‘स्वीकारला’, ‘नाकारला’, ‘रद्द केला’ किंवा ‘पूर्ण झाला’ अशी स्थितीही अशाच जोड-टिपणाने नोंदवली जाते. त्यामुळे लेखकाने कोणती सूचना का मानली किंवा का मानली नाही, याचा इतिहास त्याच फाइलमध्ये राहू शकतो.

## वेगळ्या प्रतींमुळे होणारी अडचण

समजा, १४० पानांच्या एका इतिहासविषयक प्रबंधाचे तीन परीक्षक आहेत. प्रत्येकाला ईमेलने फाइल पाठवली, तर तीन स्वतंत्र प्रती परत येतात. लेखकाला एकूण ४२० पाने तपासावी लागतात. पण वाढलेले काम ही यातील लहान अडचण आहे. परीक्षकांना एकमेकांचे म्हणणे दिसत नाही, ही खरी अडचण होय.

प्रबंधाच्या ४६ व्या पानावर ‘द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले’ असे वाक्य आहे. दुसऱ्या परीक्षकाने घाईत हे वाक्य महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेविषयी आहे असे समजून १९५६ खोडले आणि ‘१९६० असावे’ असा शेरा लिहिला. तिसऱ्या परीक्षकाने आपल्या प्रतीत त्याच वाक्याजवळ ‘दिनांक योग्य, आधार द्यावा’ असे लिहिले. लेखकाने दुसऱ्या परीक्षकाची प्रत आधी हाती घेऊन तिच्यातील दुरुस्त्या क्रमाने लागू केल्या, तर बरोबर असलेले वर्ष चुकीचे होते. तिसऱ्या प्रतीतील शेरा वाचेपर्यंत मूळ वाक्य बदललेले असते आणि त्या शेऱ्याचा अर्थही लागत नाही.

हेच दोन शेरे एका फाइलमध्ये असते, तर ४६ व्या पानावर ते शेजारी-शेजारी दिसले असते. तिसऱ्या परीक्षकाने दुसऱ्याच्या शेऱ्याला थेट उत्तर देऊन हे वाक्य महाराष्ट्राच्या नव्हे, तर द्विभाषिक राज्याच्या स्थापनेविषयी असल्याचे दाखवले असते आणि लेखकाने तो शेरा ‘नाकारला’ म्हणून बंद केला असता.

## एका फाइलवर परीक्षण करण्याच्या पद्धती

### एकाच दुव्यावरील परीक्षण

या पद्धतीत फाइल क्लाउडवर ठेवली जाते आणि परीक्षकांना फाइलऐवजी तिचा दुवा पाठवला जातो. सर्वजण न्याहाळकात किंवा जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडतात. शेरे सेवेच्या सर्व्हरवर एकेक नोंद म्हणून जमा होत असल्याने दोघांनी एकाच वेळी लिहिले तरी एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनावर पडत नाही.

सामायिक फोल्डरमधील फाइल प्रत्येकाने आपल्या संगणकावर उघडून जतन करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथे शेरा नव्हे, तर संपूर्ण फाइल जतन होते. दोन परीक्षकांनी दहा वाजता फाइल उघडली आणि एकाने साडेदहाला, दुसऱ्याने अकराला जतन केली, तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये पहिल्याचे शेरे नसतात. अशा वेळी फोल्डर जुळवून ठेवणारी सेवा एक तर नंतरची फाइल ठेवते किंवा ‘conflicted copy’ अशा नावाची आणखी एक प्रत तयार करते. फोल्डरमध्ये अशा नावाची फाइल दिसणे हे शेरे दोन ठिकाणी विभागले गेल्याचे स्पष्ट लक्षण आहे.

### केवळ शेऱ्यांची देवाणघेवाण

इंटरनेटची जोडणी अखंड नसेल किंवा दस्तऐवज क्लाउडवर ठेवण्यास मनाई असेल, तर दुसरी पद्धत उपयोगी पडते. तिच्यात पीडीएफ सर्वांना एकदाच दिली जाते व पुढे तिला हात लावला जात नाही. परीक्षक आपल्या प्रतीवर शेरे लिहितो आणि परत पाठवताना पीडीएफ न पाठवता फक्त शेऱ्यांची फाइल पाठवतो. यासाठी एफडीएफ आणि एक्सएमएलवर आधारलेले एक्सएफडीएफ अशी दोन स्वरूपे आहेत. अक्रोबॅटमध्ये शेऱ्यांच्या यादीच्या पर्यायांतून `Export All To Data File` निवडल्यास अशी फाइल तयार होते आणि `Import Data File` ने ती लेखकाच्या मूळ पीडीएफवर चढवता येते.

वरील उदाहरणातील शेरा एक्सएफडीएफमध्ये पुढीलप्रमाणे दिसेल:

```
<?xml version="1.0" encoding="UTF-8"?>
<xfdf xmlns="http://ns.adobe.com/xfdf/">
  <annots>
    <strikeout page="45" name="p2-017"
      title="परीक्षक २"
      rect="72,500,104,516"
      coords="72,516,104,516,72,500,104,500">
      <contents>१९६० असावे</contents>
    </strikeout>
  </annots>
  <f href="prabandh-1.pdf"/>
</xfdf>
```

येथे `title` म्हणजे शेरा लिहिणाऱ्याचे नाव आणि `name` म्हणजे त्या टिपणाची ओळखखूण. ४६ व्या पानासाठी `page="45"` असे लिहिलेले आहे, कारण या स्वरूपात पानांची मोजणी शून्यापासून होते. `coords` मध्ये खोडलेल्या आकड्याभोवतीचे चार कोपरे आहेत. प्रबंधाचा मजकूर या फाइलमध्ये नसल्यामुळे ती आकाराने अगदी लहान असते. तिन्ही परीक्षकांच्या अशा फाइली एकामागून एक चढवल्या की सर्व शेरे एका पीडीएफमध्ये येतात. मात्र परीक्षकांना एकमेकांचे शेरे एकत्रीकरणानंतरच दिसतात. म्हणून मतभेदांवर उत्तरे मिळवण्यासाठी एकत्रित शेऱ्यांची दुसरी फेरी घ्यावी लागते.

## परीक्षणाचा क्रम

परीक्षण सुरू करण्यापूर्वी लेखक दस्तऐवजाची एक निश्चित आवृत्ती ठरवतो आणि फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घालतो. नावात ‘अंतिम’ असा शब्द घालणे टाळले जाते, कारण त्यावरून दोन फाइलींपैकी नंतरची कोणती हे कळत नाही.

त्यानंतर प्रत्येक परीक्षकाने सॉफ्टवेअरमधील आपले नाव तपासावे लागते. पुष्कळ सॉफ्टवेअर संगणकावर प्रवेश करताना वापरलेले नाव शेऱ्याला आपोआप लावतात. महाविद्यालयाच्या संगणककक्षात हे नाव सर्वत्र `User` किंवा `Admin` असेल, तर तिन्ही परीक्षकांचे शेरे एकाच नावाने येतात व नंतर वेगळे करता येत नाहीत. अक्रोबॅटमध्ये `Commenting` या विभागातील `Always use Log-in Name for Author name` हा पर्याय बंद केल्यास नाव स्वतंत्रपणे देता येते.

शेरा लिहिताना मुद्रितशोधनातील शिस्त येथेही लागू पडते. एका टिपणात एकच सूचना असावी, कारण स्थिती संपूर्ण टिपणाला लागते. एका टिपणात तीन सूचना असतील आणि त्यांपैकी दोनच मान्य असतील, तर ते टिपण ‘स्वीकारले’ असेही म्हणता येत नाही आणि ‘नाकारले’ असेही नाही. तसेच नुसता हायलाइट करून शेरा रिकामा सोडल्यास तो शब्द चुकीचा आहे, संदिग्ध आहे की केवळ आवडला आहे, हे लेखकाला कळत नाही.

शेरे जमा झाल्यावर लेखक यादी पानाच्या क्रमाने लावतो, प्रत्येक शेऱ्याला उत्तर देतो किंवा स्थिती लावतो आणि दुरुस्त्या मूळ लेखनाच्या फाइलमध्ये करतो. पीडीएफमध्ये थेट दुरुस्ती केली जात नाही. कोणतीही स्थिती न लागलेले शेरे गाळून पाहिल्यास राहिलेले काम दिसते. ते संपल्यावर नव्या क्रमांकाची पीडीएफ तयार होते आणि जुनी पीडीएफ शेऱ्यांसह नोंद म्हणून जपली जाते.

## होणाऱ्या चुका व त्यांची लक्षणे

परीक्षण चालू असताना फाइल बदलणे. लेखकाने मध्येच ४० व्या पानावर एक परिच्छेद घालून नवी पीडीएफ तयार केली आणि जुने शेरे तिच्यावर चढवले, तर पुढचा मजकूर खाली सरकलेला असतो, पण टिपणे जुन्याच जागी राहतात. १९५६ वरची खोडरेघ आता दुसऱ्याच वाक्यावर पडते. हायलाइट दोन ओळींच्या मधोमध किंवा रिकाम्या समासात दिसू लागले, की हा प्रकार घडला असल्याचे ओळखावे.

टिपणे पानात मिसळणे. काही सॉफ्टवेअरमध्ये फाइल पुन्हा छापून पीडीएफ केल्यास किंवा निर्यात केल्यास टिपणे पानाच्या चित्राचा भाग होतात. हस्तलेखनासाठी वापरले जाणारे झर्नल++ हे सॉफ्टवेअर पीडीएफला पार्श्वभूमी म्हणून घेते आणि निर्यात करताना लिहिलेले सर्व पानातच उतरवते. पानावर खुणा दिसतात, पण शेऱ्यांची यादी रिकामी असते, हे याचे लक्षण होय. अशा खुणांना उत्तर देता येत नाही, त्यांना स्थिती लावता येत नाही आणि त्या निर्यातही होत नाहीत.

टिपणे फाइलच्या बाहेर राहणे. याच्या उलट, काही सेवांच्या पूर्वावलोकनात लिहिलेले शेरे पीडीएफमध्ये न जाता त्या सेवेच्या सर्व्हरवर राहतात. फाइल उतरवून घेतल्यावर त्यात खुणाही नसतात आणि यादीही रिकामी असते. ऑक्युलर या मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्याही टिपणे वापरकर्त्याच्या संगणकावरील वेगळ्या फाइलमध्ये ठेवत. त्यामुळे ईमेलने पाठवलेल्या पीडीएफमध्ये ती पोहोचत नसत. पुढील आवृत्त्यांत ती पीडीएफमध्ये जतन होऊ लागली. परीक्षण सुरू होण्यापूर्वी एक चाचणी-शेरा लिहून ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिल्यास ही चूक वेळीच लक्षात येते.

परवानगी नसणे. फाइलवर सुरक्षाबंधन असल्यास टिपणांची साधने निष्क्रिय दिसतात. फाइलच्या गुणधर्मांतील `Security` या भागात `Commenting` समोर `Not Allowed` असे लिहिलेले आढळते. प्रमाणित करून स्वाक्षरी केलेल्या फाइलमध्ये स्वाक्षरी करणाऱ्याने टिपणांना मुभा दिलेली नसेल, तर शेरा जोडल्यावर ते प्रमाणन अवैध ठरते. म्हणून परीक्षण संपल्यानंतरच स्वाक्षरी केली जाते.

## मराठी दस्तऐवजांतील विशेष बाबी

पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे व त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. ती चित्रे कोणत्या युनिकोड अक्षरांची आहेत हे सांगणारा तक्ता स्वतंत्र असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेल्या मराठी पुस्तकाच्या पीडीएफमधून मजकूर उचलल्यास रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक समूह मिळू शकतो. युनिकोड टंक वापरलेल्या फाइलींतही ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांचा क्रम बिघडलेला आढळतो.

हायलाइट किंवा खोडरेघ पानावरील जागेवर आधारित असल्याने अशा फाइलीतही ती सामान्यतः योग्य ठिकाणी दिसते. परंतु खूण केलेला शब्द टिपणात आपोआप उतरवणारा पर्याय चालू असेल, तर शेऱ्यांच्या यादीत आणि छापील गोषवाऱ्यात त्या शब्दाऐवजी निरर्थक अक्षरे येतात. म्हणून मराठी मुद्रितावर शेरा लिहिताना चुकीचा व योग्य असे दोन्ही शब्द युनिकोडमध्ये स्वतः टंकित करणे आवश्यक ठरते.

टिपणाचा प्रकार निवडतानाही फरक पडतो. चिकट-चिठ्ठीसारख्या टिपणाचा मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो आणि वाचणाऱ्याचे सॉफ्टवेअर तो आपल्या टंकात दाखवते. पानावर थेट लिहिलेल्या मजकुराचे मात्र चित्र लिहिणाऱ्याचे सॉफ्टवेअर तयार करते. त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी नीट येत नसेल, तर जोडाक्षरे सुटी होतात किंवा रिकामे चौकोन दिसतात. त्यामुळे मराठी शेऱ्यांसाठी चिठ्ठीचा प्रकार अधिक भरवशाचा मानला जातो.

## गोपनीयता

टिपणांतील नाव फाइलसोबत प्रवास करते. निनावी परीक्षणात परीक्षकाने आपले नाव बदलले नाही, तर लेखकाला ते शेऱ्यांच्या यादीत सरळ दिसते. प्रकाशनापूर्वी टिपणे काढून टाकली तरी तेवढ्याने काम संपत नाही. अनेक सॉफ्टवेअर जतन करताना फाइल नव्याने न लिहिता फक्त बदल शेवटी जोडतात. काढलेला शेरा यादीतून नाहीसा होतो, पण त्याचा मजकूर फाइलच्या आधीच्या भागात शिल्लक राहू शकतो. यासाठी प्रकाशनाची पीडीएफ परीक्षणाच्या फाइलमधून न काढता दुरुस्त केलेल्या मूळ लेखनातून नव्याने तयार केली जाते.

मजकूर झाकण्यासाठी त्यावर काढलेला काळा चौकोन हेही एक टिपणच असते. तो काढून टाकला की खालचा मजकूर पुन्हा दिसतो. संवेदनशील माहिती खरोखर वगळण्यासाठी ती पानातूनच पुसणारे साधन वापरावे लागते. त्या साधनाने केलेली खूणदेखील लागू करण्याची आज्ञा देईपर्यंत केवळ खूणच राहते.